दुपारी वाढणारं पाणी

मार्च महिना होता. नाशिकला पहाटे अंगावर पातळ चादर लागते आणि दुपारी गच्चीवर अनवाणी पाऊल ठेववत नाही, असे ते दिवस. घरात कुठेतरी पाणी गळतंय असा आम्हाला संशय होता. म्हणून मी गच्चीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाकीच्या झाकणात पातळी मोजणारा सेन्सर बसवला, येणाऱ्या आणि जाणाऱ्या नळाचे दोन्ही व्हॉल्व्ह घट्ट बंद केले आणि स्वयंपाकघरातल्या चिमुकल्या पडद्यावर आकडा बघायचं काम आईकडे दिलं. टाकी गळत असेल तर आकडा उतरेल, नसेल तर जागेवर राहील, इतका साधा हिशेब.

सकाळी सहाला पडद्यावर 436 लिटर होते. दुपारी अडीचला आईचा फोन आला. "अरे, तू नळ बंद केलास ना? मग पाणी वाढलं कसं? 465 दाखवतंय." रात्री घरी आलो तेव्हा आकडा पुन्हा खाली येऊ लागला होता आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो जवळजवळ मूळ जागी आला होता. बंद टाकीत दुपारी 29 लिटर पाणी आलं आणि रात्रीत निघून गेलं!

गळतीचा शोध बाजूला राहिला. त्या 29 लिटरांचा माग काढता काढता हा सेन्सर नेमकं काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे मला नीट कळलं. तीच हकिकत इथे सांगतो.

हाक आणि घड्याळ

माथेरानच्या इको पॉइंटवर उभं राहून आपण हाक मारतो आणि समोरच्या कड्यावरून ती परत येते. हाक मारल्यापासून एका सेकंदाने प्रतिध्वनी ऐकू आला, तर कडा किती लांब असेल? साधारण हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. पण त्या एका सेकंदात तो जाऊन परतही आला आहे. म्हणून अंतर निम्मं, सुमारे 170 मीटर. हातात फूटपट्टी नसताना केवळ घड्याळाने अंतर मोजता येतं ते असं.

अल्ट्रासोनिक सेन्सर हेच करतो, फक्त त्याची हाक आपल्याला ऐकू येत नाही. माणसाच्या कानाची मर्यादा सेकंदाला सुमारे 20 हजार कंपनांची. हा सेन्सर 40 हजार कंपनांचा आवाज काढतो, म्हणजेच 40 किलोहर्ट्झचा. शाळा-कॉलेजच्या प्रकल्पांत सगळीकडे दिसणारा सेन्सर म्हणजे एचसी-एसआर04. निळ्या पट्टीवर दोन रुपेरी डब्या असतात आणि त्या डोळ्यांसारख्या दिसतात. खरं तर त्यातली एक तोंड आहे आणि दुसरी कान. दोन्हींच्या आत पिझो जातीची चकती असते. तिला वीज दिली की ती थरथरते, आणि आवाजाने थरथरली की वीज देते. तिचा घाटच असा असतो की 40 किलोहर्ट्झला ती सर्वांत जोमाने हलते.

या पट्टीला चार पाय असतात. दोन विजेचे. तिसरा ट्रिग, म्हणजे हुकूम घेणारा. चौथा एको, म्हणजे उत्तर देणारा. ट्रिगवर किमान 10 मायक्रोसेकंद 5 व्होल्ट ठेवून काढून घेतले की सेन्सर आठ कंपनांची एक हाक सोडतो. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. आठ कंपनांना 200 मायक्रोसेकंद लागतात.

आता एको. इथे पुष्कळांची एक समजूत चुकते आणि सुरुवातीला माझीही चुकली होती. नावावरून वाटतं की प्रतिध्वनी आला की हा पाय 'चालू' होत असेल. प्रत्यक्षात उलट आहे. हाक सोडून झाली की एको वर जातो, 5 व्होल्टवर. तो तसाच वर राहतो. प्रतिध्वनी कानावर पडला की खाली येतो. म्हणजे प्रतिध्वनीची बातमी देणारी ही घंटा नव्हे. हा वर धरलेला झेंडा आहे, आणि तो किती वेळ वर होता हेच उत्तर. सेन्सर सेंटिमीटर सांगत नाही, फक्त झेंडा वर धरतो आणि खाली घेतो. मधला वेळ मोजायचं काम मायक्रोकंट्रोलरचं.

वेळ मोजणारा

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच कामाला जुंपलेला चिमुकला संगणक. माझ्याकडे आर्डुइनो उनो आहे. त्याचं काँप्युटरवर लिहून चढवलेलं पूर्ण काम एवढंच:

```cpp
const int TRIG = 9;
const int ECHO = 8;

void setup() {
  pinMode(TRIG, OUTPUT);
  pinMode(ECHO, INPUT);
  Serial.begin(9600);
}

void loop() {
  digitalWrite(TRIG, LOW);
  delayMicroseconds(2);
  digitalWrite(TRIG, HIGH);
  delayMicroseconds(20);
  digitalWrite(TRIG, LOW);

  unsigned long t = pulseIn(ECHO, HIGH, 30000);
  Serial.println(t);
  delay(60);
}
```

वरच्या पाच ओळी म्हणजे हुकूम. `pulseIn` म्हणजे झेंड्याकडे टक लावून बसणारा माणूस: झेंडा वर गेला की मोजायला लागायचं, खाली आला की थांबायचं आणि मायक्रोसेकंद सांगायचे. शेवटचा 30000 हा आकडा त्याच्या धीराची मर्यादा आहे. 30 हजार मायक्रोसेकंदांत आवाज पाच मीटरपर्यंत जाऊन येतो आणि हा सेन्सर तसाही चार मीटरपलीकडचं ऐकत नाही. म्हणून त्यानंतर वाट बघण्यात अर्थ नाही.

अखेरचे 60 मिलिसेकंद विश्रांतीचे. ते अनेकजण घाईने काढून टाकतात. पण टाकीच्या भिंतींवर आपटत राहिलेली पहिली हाक विरण्याआधी दुसरी सोडली, तर पहिलीचा उशिरा आलेला प्रतिध्वनी दुसरीच्या नावावर जमा होतो. आकडा मग खऱ्यापेक्षा खूप लहान येतो. देवळाच्या गाभाऱ्यात भराभर टाळ्या वाजवल्या तर कुठला आवाज कुठल्या टाळीचा ते कळत नाही, तसंच हे.

इथे कुणी विचारेल, की हे काम घरातल्या मोठ्या संगणकाला का देऊ नये? तो कितीतरी पट वेगवान आहे. पण तो एकाच वेळी पन्नास कामं करतो. झेंडा खाली आला त्या क्षणी तो दुसऱ्या कामात असेल आणि फक्त एक मिलिसेकंद उशिरा बघेल, तर तेवढ्यात आवाज 34 सेंटिमीटर गेलेला असतो आणि मापात 17 सेंटिमीटरांची चूक होते. इथे वेगापेक्षा वक्तशीरपणाला किंमत आहे. उनोचं घड्याळ सेकंदाला 1 कोटी 60 लाख ठोके देतं आणि `pulseIn` ते ठोके दुसरं फारसं काही न करता मोजत बसतं.

त्याहून काटेकोर रस्ताही आहे. उनोच्या आठ नंबरच्या पायामागे एक खास सोय आहे. त्या पायावरची पातळी बदलली की आत धावणाऱ्या मोजणीचा त्या क्षणीचा आकडा चिप स्वतःच टिपून ठेवते, प्रोग्रॅम तेव्हा काहीही करत असला तरी. धावण्याच्या शर्यतीत अंतिम रेषेवर कॅमेरा आपोआप फोटो घेतो, तसं. ही मोजणी अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या पावलांनी चालवता येते. तिचा 65 हजारांचा आकडा भरायला सुमारे 33 मिलिसेकंद लागतात, म्हणजे साडेपाच मीटरपर्यंतचं अंतर एका दमात बसतं. अर्धा मायक्रोसेकंद म्हणजे अंतरात मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी.

29 लिटरांच्या शोधात मी पहिला संशय या घड्याळावरच घेतला. उनोवर स्फटिकाऐवजी सिरॅमिकचा साधा रेझोनेटर असतो आणि त्याची चाल अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकते. पण ती चूक बहुतांशी कायमची असते. पुढे धावणारं घड्याळ पहाटेही पुढे आणि दुपारीही पुढे. माझा आकडा तर उन्हाबरोबर चढत होता आणि उतरत होता. घड्याळ निर्दोष सुटलं.

सेंटिमीटर येतात कुठून

मग मी पडद्यावरचे लिटर सोडून दिले आणि मूळ मायक्रोसेकंद बघायला सुरुवात केली. पहाटे झेंडा 4,676 मायक्रोसेकंद वर राहत होता, दुपारी 4,485. टाकीत शिडी लावून टेपने मोजलं. सेन्सरपासून पाणी दोन्ही वेळी 80 सेंटिमीटरवरच होतं. पाणी हललं नव्हतं, वेळ बदलली होती. तेवढंच अंतर दुपारी आवाजाने 191 मायक्रोसेकंद आधी कापलं होतं.

माझ्या प्रोग्रॅममध्ये सगळीकडे दिसणारं सूत्र होतं: मायक्रोसेकंदांना 58 ने भागा, सेंटिमीटर मिळतात. हे 58 म्हणजे काय? एक सेंटिमीटर जायला आणि एक यायला आवाजाला लागणारा वेळ. पण तो 20 अंश सेल्सियसच्या हवेत. त्या एका आकड्यात एक तापमान लपलेलं आहे आणि ते लिहिणारा बहुधा सांगत नाही.

हवा तापली की तिचे रेणू जोरात पळतात आणि धक्का पुढे लवकर पोचवतात, म्हणून आवाज वेगाने जातो. रोजच्या तापमानांसाठी हिशेब सोपा आहे:

```
c = 331.3 + 0.606 × T
d = t × c / 2
```

`T` म्हणजे हवेचं तापमान सेल्सियसमध्ये, `c` म्हणजे आवाजाचा वेग सेकंदाला इतके मीटर. शून्य अंशाला 331.3, आणि पुढे दर अंशाला 60 सेंटिमीटरची भर. दुसऱ्या ओळीतला दोनने भागाकार हा जाण्या-येण्याचा.

आता माझी टाकी घ्या. पहाटे झाकणाखालची हवा 18 अंश होती. वेग आला सेकंदाला 342.2 मीटर. दुपारी काळं झाकण तापून आतली हवा 42 अंशांवर गेली होती, वेग 356.8 मीटर. फरक चार टक्क्यांहून थोडा जास्त. पण माझा प्रोग्रॅम दोन्ही वेळी 58 नेच भागत होता. त्याच्या हिशेबाने पहाटे पाणी 80.6 सेंटिमीटरवर आणि दुपारी 77.3 सेंटिमीटरवर. आवाज लवकर परत आला, म्हणून त्याला वाटलं पाणी जवळ आलं, म्हणजे पातळी चढली. टाकीचा आतला व्यास 106 सेंटिमीटर आहे, म्हणजे एक सेंटिमीटर उंचीत 8.8 लिटर पाणी मावतं. 3.3 सेंटिमीटर गुणिले 8.8 म्हणजे 29 लिटर. आईने पाहिलेलं पाणी ते हेच. खरे लिटर दोन्ही वेळी 441 होते.

उपाय सरळ होता. डीएस18बी20 नावाचा, स्टीलच्या टोकाचा तापमापक टाकीत सोडला आणि प्रत्येक मापाआधी तापमान वाचून वरचं सूत्र वापरलं. पण इथेही एक ठेच लागली. आधी मी तापमापक झाकणालाच चिकटवला. झाकण उन्हाने हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं, त्यामुळे आता आकडा उलट्या बाजूला चुकू लागला आणि दुपारी पाणी कमी दिसायला लागलं. टाकीतली हवा थरांची असते, वर गरम आणि पाण्यालगत गार. आवाज सगळे थर ओलांडून जातो आणि परत येतो, म्हणून लागणारं तापमान हे सगळ्या थरांचं सरासरी. तापमापक झाकणापासून 40 सेंटिमीटर खाली, भिंतीला न टेकवता लोंबता ठेवला, तेव्हा माप ताळ्यावर आलं. एका अंशाची चूक 80 सेंटिमीटरला जेमतेम दीड मिलिमीटर होते, ती चालण्यासारखी आहे.

तरी दुपारचा आकडा दोन-तीन लिटर वर राहतोच. त्याचं कारण दमटपणा. पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी असते आणि वाफाळलेल्या हवेत आवाज किंचित वेगाने जातो. गार हवेत हा परिणाम दखल घेण्याजोगा नसतो. पण उन्हाळी दुपारी बंद टाकीत तो एखाद्या टक्क्याच्या आसपास जाऊ शकतो. मी तो सोडून दिला, कारण हजारांत दोन-तीन लिटर मला लागत नाहीत. पण कुणाला मिलिमीटर हवे असतील तर त्यांनी तो धरायलाच हवा.

आकडे उघडे करून बघा

तापमान सुटलं, पण मूळ मायक्रोसेकंद बघायची सवय लागली ती सुटली नाही, आणि त्या सवयीने बाकीचे दोषही समोर आले. एका दुपारी लागोपाठ आलेली ही नऊ मापं:

```
4485  4484  4510  4485  1420  4486  0  4485  4510
```

यांची सरासरी काढली तर 3,652 येते, म्हणजे 65 सेंटिमीटर. खरं अंतर 80. टाकीत 132 लिटर आकाशातून पडल्यासारखे. पण सरासरी न काढता एकेक आकडा वाचला तर यातला प्रत्येकजण काहीतरी सांगतो.

आधी शून्य. `pulseIn` चा धीर सुटला की तो शून्य देतो. त्याचा अर्थ 'प्रतिध्वनी आलाच नाही' असा. पण प्रोग्रॅमने तो आकडा सूत्रात घातला तर अंतर शून्य निघतं आणि पाणी थेट सेन्सरला टेकलं असं ठरतं. माझ्या पडद्यावर अधूनमधून 1,147 लिटर यायचे, हजार लिटरच्या टाकीत. सेन्सर तळापासून 130 सेंटिमीटरवर आहे, त्याला 8.8 लिटरांनी गुणलं की बरोबर तोच आकडा. ज्यांनी अशा मापावर पंप चालू-बंद करायची सोय केली असेल, त्यांच्या टाकीत पाणी नसतानाही पंप 'टाकी भरली' म्हणून गप्प बसेल. शून्य आलं तर तो आकडा टाकून द्यायचा, आणि सलग बरेच शून्य आले तर पडद्यावर माप दाखवायचं नाही, सरळ 'सेन्सर बघा' असं लिहायचं.

प्रतिध्वनी येत नाही तो का? पाणी आवाजाला आरशासारखं आहे. हवेतून आलेला जवळजवळ सगळा आवाज ते परत फेकतं, पण आरशासारखाच कोनाच्या नियमाने. सेन्सर थोडा तिरका बसला तर हाक तिरकी जाते, पाण्यावर आपटून दुसऱ्या बाजूला निघते आणि कानापर्यंत येतच नाही. माझं झाकण एका बाजूला किंचित दबलं होतं. गवंड्याची छोटी पाणसळ ठेवून सेन्सर सपाट केल्यावर शून्यं जवळजवळ थांबली.

मग 1420. त्याचं अंतर 25 सेंटिमीटर निघतं. पाणी तिथे नव्हतं, पण बॉलकॉकचा दांडा बरोबर तिथे होता. या सेन्सरची हाक दोरीसारखी सरळ जात नाही, ती टॉर्चच्या झोतासारखी पसरते. साधारण 15 अंशांचा झोत धरला तर 80 सेंटिमीटर खाली तो जवळजवळ वीतभर रुंद होतो आणि त्याच्या कडेबाहेरही थोडा आवाज सांडतो. जवळची वस्तू झोताच्या कडेला असली तरी तिचा प्रतिध्वनी आधी येतो, आणि सेन्सर पहिल्याच प्रतिध्वनीला झेंडा खाली घेतो. असा खोटा प्रतिध्वनी ओळखायची खूण सोपी आहे: पाणी वरखाली झालं तरी तो आकडा जागचा हलत नाही. सेन्सर दांड्यापासून दूर, पण भिंतीलाही अगदी चिकटू न देता सरकवला आणि 1420 गेला.

आणि आता मला सर्वांत आवडलेला आकडा, 4510. तो 4485 पेक्षा नेमका 25 ने मोठा आहे, आणि असा तो पुन्हा पुन्हा येतो. कधी 10 ने मोठा, कधी 17 ने, असं होत नाही. 40 किलोहर्ट्झच्या एका कंपनाला लागणारा वेळही नेमका 25 मायक्रोसेकंद. परत आलेली हाक एकदम जोरात येत नाही. पहिलं कंपन क्षीण, दुसरं थोडं मोठं, असं ती हळूहळू फुगते. सेन्सरच्या कानाला एक ठरावीक मोठेपणा लागतो, त्याखालचं तो ऐकत नाही. बहुतेक वेळा एक ठरावीक कंपन ती रेषा ओलांडतं. कधी पाण्यावर बारीक लहर असली की ते थोडक्यात हुकतं आणि पुढचं कंपन ओलांडतं. तेवढ्याने माप साडेचार मिलिमीटरने वाढतं.

आठ नंबरच्या पायावर अर्ध्या मायक्रोसेकंदाची मोजणी मी मोठ्या हौसेने बसवली होती. तिची नजर मिलिमीटरच्या दहाव्या भागाची. पण समोरचा झेंडाच एखाद्या कंपनाने उशिरा खाली येत असेल, तर घड्याळ कितीही बारीक असलं तरी त्याचा उपयोग नाही. या स्वस्त सेन्सरची खरी मर्यादा घड्याळात नाही, आवाजाच्या लांबीत आहे. 40 किलोहर्ट्झला एक लाट हवेत सुमारे पावणेनऊ मिलिमीटर लांब असते, आणि जाण्या-येण्याने निम्मी धरली तर एका लाटेची चूक होते ती हीच.

म्हणून या नऊ आकड्यांचं काय करायचं? शून्य काढून टाका, उरलेले चढत्या क्रमाने लावा आणि मधला घ्या. 1420 एका टोकाला जातो, दोन्ही 4510 दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये 4485 उरतो. सरासरीत एक खोटा आकडा सगळ्यांना ओढून नेतो, मधल्या आकड्यावर मात्र त्याचा जोर चालत नाही. नऊ मापांना एक सेकंदही लागत नाही आणि टाकीतलं पाणी तेवढ्यात कुठे जात नाही.

ओल आणि आंधळा पट्टा

माझ्या झाकणात आता एचसी-एसआर04 नाही. पहिल्या आठवड्यात तोच होता. पण त्याच्या डब्यांना पुढे नुसती जाळी असते. रात्री झाकणाखाली वाफेचे थेंब जमले, जाळीतून आत गेले आणि आकडे भरकटले. टाकीसाठी जेएसएन-एसआर04टी हा बंद तोंडाचा, गाडीच्या मागच्या बंपरमध्ये असतो तसल्या जातीचा सेन्सर लागतो. हुकूम आणि झेंडा सगळं तसंच, प्रोग्रॅमही तोच.

फरक असा, की त्याला तोंड आणि कान एकच आहे. तीच चकती हाक मारते आणि तीच ऐकते. देवळातली घंटा वाजवल्यावर टोल संपला तरी ती घुमत राहते, तशी चकतीही हाक संपल्यावर थोडा वेळ थरथरत राहते. ते घुमणं थांबेपर्यंत तिला परतलेला आवाज ऐकू येत नाही. म्हणून साधारण 20 ते 25 सेंटिमीटरच्या आतलं पाणी या सेन्सरला दिसत नाही. दोन डब्यांच्या सेन्सरला हा आंधळा पट्टा फक्त दोन सेंटिमीटरचा असतो. या पट्ट्यात पाणी आलं की आकडा थांबत नाही, खोटा येतो. बहुधा पाण्यावरून दोनदा आपटून आलेला प्रतिध्वनी धरला जातो आणि अंतर दुप्पट निघतं. भरलेली टाकी अर्धवट रिकामी दिसते. माझा बॉलकॉक 900 लिटरांच्या आसपास पाणी तोडतो. तेव्हा पाणी सेन्सरपासून 28 सेंटिमीटरवर असतं, म्हणून माझं भागलं. टाकी काठोकाठ भरणाऱ्यांनी सेन्सर तेवढा उंच बसवायला हवा.

हे सगळं जमल्यावर मी पुन्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले. चोवीस तासांत आकडा 439 आणि 444 च्या मध्ये राहिला. टाकी गळत नव्हती. मग जाणारा व्हॉल्व्ह तेवढा उघडला आणि घरातले सगळे नळ बंद ठेवले. रात्री अकरा ते पहाटे पाच, या सहा तासांत आकडा 18 लिटरांनी उतरला, आणि या वेळी तो परत चढला नाही. न्हाणीघरातल्या फ्लशची रबरी चकती झिजली होती. ती बदलली.

स्वयंपाकघरातल्या पडद्यावर आजही मोठ्या अक्षरांत लिटर दिसतात. त्याखाली बारीक अक्षरांत मी मायक्रोसेकंद आणि तापमानही ठेवले आहेत, आणि कार्डावर साठवतो तेही हेच दोन आकडे. लिटर हे माझं अनुमान आहे. उद्या टाकीचा व्यास चुकीचा घेतला असं कळलं किंवा दमटपणाही धरायचा ठरवला, तर मागच्या सगळ्या दिवसांचे लिटर मी पुन्हा काढू शकेन. पण झेंडा त्या दुपारी किती वेळ वर होता, ते लिहून ठेवलं नसतं तर पुन्हा मिळालं नसतं. आईला त्या बारीक आकड्यांशी कर्तव्य नाही. मात्र दुपारी ती एकदा पडद्याकडे बघते आणि मला सांगते, "आज वाढलं नाही हं पाणी."